कोचिंगचे प्रश्न: मित्राला सल्ला नकोय, मग विचारायचं काय?

अशोकचौककर

मंडळी, विषय कुठल्या विभागात टाकावा कळेना, म्हणून इथेच टाकतोय.

माझा शाळेपासूनचा एक दोस्त आहे. पूर्व भागात घरामागच्या शेडमध्ये टेरी टॉवेलचे आठ माग आहेत. वडिलांनी उभे केले, आता तो बघतो. वय चाळिशीच्या थोडं अलीकडे. बरेच दिवस त्याचं एकच चाललंय: माग विकू, ठेवू, की पुण्याला मेव्हण्याकडे जाऊ? मेव्हण्याचं पिंपरीला हॉटेलांना चादरी-टॉवेल पुरवायचं काम आहे, तो याला पगारावर बोलावतोय. सुताचा भाव चढला की हा पुण्याला निघतो. ऑर्डर आली की परत इथंच राहणार म्हणतो.

सल्ला देणाऱ्यांची त्याला कमी नाही. घरचे, सासरचे, सूत देणारा व्यापारी, सगळे सांगून झाले. परवा मी तोंड उघडायच्या आत मला म्हणाला, "तू तरी सांगू नको बे. सगळेच सांगलालेत."

म्हणून मी नुसता ऐकतो. पण त्यानंही काही पुढं सरकत नाही. तासभर बोलतो, चहा होतो, आणि जिथं होता तिथंच परत. कुठंतरी ऐकलं होतं की कोचिंगमध्ये सल्ला देत नाहीत, प्रश्न विचारतात, आणि समोरच्याचं त्यालाच स्पष्ट होत जातं. दोस्त म्हणून असं काही करता येतं का? कुणी केलंय? नेमकं काय विचारायचं?

लिंबूसोडा

कोचिंगसाठी आता पुण्याला जायची गरज राहिलेली नाही, सोलापुरातही चांगले क्लास झालेत. फक्त चाळिशीजवळ असतील तर आधी वयोमर्यादा बघून घ्या, नाहीतर फी भरून बसायचे. विषय कुठला आहे? राज्यसेवा की बँकिंग?

अशोकचौककर

अहो, क्लासचं नाही विचारत. वर परत एकदा वाचा.

क्वालिटीवाला

मी चिंचोळीच्या एमआयडीसीत क्वालिटी बघतो. आमच्याकडे सरळ पद्धत आहे, पाच वेळा 'का' विचारा. टोयोटावाल्यांची आहे. मशीन का थांबली, फ्यूज का उडाला, बेअरिंग का अडकलं, असं करत मुळाशी जाता. दोस्ताला हेच करा. पुण्याला का जायचंय? इथं परवडत नाही. का परवडत नाही? पाचव्या 'का'ला खरं कारण टेबलावर येतं. बाकीचे गोड गोड प्रश्न म्हणजे वेळ घालवणं.

जुळेसोलापूरची_मावशी

अशोकचौककर, मी पुण्यात एका कारखान्यात प्रशिक्षण विभागात होते. निवृत्तीनंतर हेच काम काही वर्षं स्वतंत्रपणे केलं. मित्रानं मित्राला असं विचारायला काहीच हरकत नाही, फक्त प्रश्नांची यादी खिशात घालून जाऊ नका. माणसाला लगेच कळतं की याच्या डोक्यात पुढचा प्रश्न तयार आहे आणि हा माझं ऐकत नाहीये.

आधी क्वालिटीवाल्यांच्या 'का'बद्दल. मशीनला तो प्रश्न उत्तम लागू पडतो, कारण बेअरिंगला आपला बचाव करायचा नसतो. माणसाला 'पुण्याला का जायचंय?' विचारलं की तो पोरगा होतो आणि तुम्ही हेडमास्तर. "मग काय करू, इथं काय ठेवलंय?" असं उत्तर येतं, ते तुम्हाला दिलेलं असतं, स्वतः शोधलेलं नसतं. हाच प्रश्न "पुण्याला गेल्यानं तुला काय मिळेल?" असा विचारून बघा. आता त्याला मागचं समर्थन करायचं नाहीये, पुढचं बघायचंय. मुळाशी जायची तुमची कल्पना बरोबर आहे, दार फक्त दुसरं आहे.

दुसरं, "सगळे सांगलालेत" असं तो म्हणाला ना, त्यामागे एक साधी गोष्ट आहे. त्याच्या मनात दोन्ही बाजू आहेत, जायचंय आणि जायचं नाहीये. तुम्ही एक बाजू उचललीत की दुसरी त्याला उचलावीच लागते. तुम्ही म्हणा "जा", तो म्हणेल "हो, पण आई-वडील?" म्हणा "राहा", तो म्हणेल "हो, पण उधारी कोण वसूल करणार?" विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये दारूच्या व्यसनातल्या लोकांबरोबरच्या कामातून हे मांडलं. समुपदेशक बदलाच्या बाजूनं वाद घालायला लागला की रुग्ण न बदलण्याच्या बाजूनं वाद घालतो, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून आणखी पक्का होतो. म्हणून 'हो, पण' ऐकू आलं की समजा, तुम्ही कुठंतरी सल्ला दिलाय. प्रश्नाच्या रूपात असला तरी.

आता विचारायचं काय? तुमच्या दोस्ताच्या बाबतीत मी तीनच प्रश्न सांगते, बाकीचे नंतर.

बसल्या बसल्या पहिला: "आज बोलून उठताना तुझं काय झालेलं असलं म्हणजे बरं?" हा आयुष्याबद्दलचा प्रश्न नाही, त्या तासाबद्दलचा आहे. कधी उत्तर येतं, "काही नको, नुसतं बोलायचंय." मग बाकीचे प्रश्न त्या दिवशी खिशातच ठेवायचे. हे विचारत नाहीत म्हणून तासभर बोलून माणूस तिथंच राहतो. त्याला कुठं पोचायचंय हे दोघांनाही माहीत नसतं.

दुसरा, तो 'हे नको, ते नको' सांगायला लागला की: "हे नको, ठीक. त्याच्या जागी काय हवं?" अडकलेला माणूस जवळजवळ सगळं 'नको'तच बोलतो. उधारीची कटकट नको, कामगारांच्या मागे लागणं नको. 'नको'पासून दहा दिशांना पळता येतं, त्यामुळं रोज नवी दिशा दिसते. तुमचा दोस्त सुताच्या भावाबरोबर जातो-येतो ते यामुळंच असावं.

तिसरा, 'हवं' आलं की: "आणि ते मिळालं तर त्यानं काय होईल?" हा दोनदा, फार तर तीनदा विचारायचा. त्याच्या पुढं उत्तर 'सुख', 'शांती' अशा शब्दांवर जातं आणि हातात काही राहत नाही.

आणि प्रत्येक उत्तरानंतर गप्प बसा. तुमच्या मनात पुढचा प्रश्न आला की विचारू नका, त्याच्याकडे बघत राहा. बहुतेकदा दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा खरं असतं. फारच थांबला तर "अजून काय?" एवढंच.

अण्णा_सातरस्ता

मावशी, मान राखून बोलतो. दोस्तीत असलं काही चालत नाही. मी कट्ट्यावर बसून दोस्ताला "ते मिळालं तर त्यानं काय होईल" असं विचारलं तर तो म्हणेल, काय बे, डोक्यावर पडलास काय? आणि प्रश्न विचारून सुताचा भाव उतरतो काय? व्यापारी तीन-तीन महिने पैसे देत नाही, हा खरा प्रॉब्लेम आहे. त्यावर बोला.

जुळेसोलापूरची_मावशी

अण्णा, भाव उतरत नाही, खरं आहे. पण भाव उतरला तरी हा पुण्याला जाईल की नाही हे त्याला आज सांगता येत नाहीये, आणि आपण बोलतोय ते त्याबद्दल. भाषेचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. माझी वाक्यं जशीच्या तशी वापरू नका. "आणि मग?" एवढ्यानंही काम होतं.

रेघोट्या

मी थोडी उलटी बाजू सांगते. माझा घरगुती कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा व्यवसाय आहे. माझ्या एका मैत्रिणीनं असा कोर्स केला आणि पहिला प्रयोग माझ्यावर. मी तिला विचारलं, पॅकेटवर कायकाय छापावं लागतं, अन्नपरवान्याची नोंदणी कुठं करायची? तिचे स्वतःचे मसाले आहेत, तिला सगळं ठाऊक आहे. बाई शांतपणे म्हणतात, "तुला काय वाटतं, तुझ्यासाठी योग्य काय असेल?" मला काय वाटायचंय त्यात! परवाना आहे तो. त्यानंतर मी तिला फोन करणंच कमी केलं.

जुळेसोलापूरची_मावशी

रेघोट्या, तुमच्या मैत्रिणीनं चुकीच्या ठिकाणी विचारलं. ज्याचं उत्तर कागदावर लिहिलेलं आहे तिथं सरळ सांगून मोकळं व्हायचं. नोंदणी कशी करायची, कर्जाचा हप्ता किती बसेल, पिंपरीत दोन खोल्यांचं भाडं काय, हे सल्ले नाहीत, माहिती आहे. ती अडवून ठेवणं म्हणजे मित्राची परीक्षा घेणं. ज्याचं उत्तर फक्त त्याच्याकडेच असू शकतं तिथं प्रश्न विचारायचे: त्याला काय हवंय, त्यासाठी तो काय सोडायला तयार आहे, किती थांबू शकतो. घोटाळा होतो तो दोन्ही एकाच वाक्यात येतात तेव्हा. "बँक मला कर्ज देईल का रे?" ही माहितीही असते आणि भीतीही. तेव्हा आधी माहिती द्या, मग विचारा, "दिलं तर घेशील?"

अशोकचौककर

मावशी, काल बसलो होतो कंबर तलावाजवळ. आठवतंय तसं लिहितो.

आल्या आल्या सूत व्यापाऱ्याचं सुरू झालं. थोडा वेळ ऐकलं, मग तुमचा पहिला प्रश्न माझ्या भाषेत टाकला, "आज उठताना काय झालं पायजे म्हणतोस?" तो जरा बघत राहिला. म्हणाला, "काय की. डोक्यातला कालवा कमी झाला तरी लय झालं." मग परत मागांवर गेला. जॉबर सोडून गेला, रात्रपाळीला माणूस मिळत नाही, पोरं आता मागावर यायलाच तयार नाहीत.

मी: हे सगळं नको, कळलं. मग काय पायजे?

तो: पुणे. बास.

मी: पुण्याला गेलास. आणि मग?

तो: एक तारखेला पैसे येतील.

मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर पुढं काय विचारावं सुचलंच नाही. त्यानं शेंगा सोलल्या, बायकोचा फोन आला, तेलुगूत काहीतरी बोलला, फोन ठेवला आणि आपणहून म्हणाला, "पैसे कमी आले तरी चालतील बे. पण किती येणार ते आधी माहीत पायजे. दर महिन्याला पोराची फी भरताना हात थरथरतो ना, ते नको."

मी विचारलं, "आधी माहीत असणं. अजून काय?" तर म्हणाला, "संध्याकाळी सातच्या नंतर कुणी दार वाजवायला नको. बापासमोर हिशोब देत बसायला नको." आणि थोड्या वेळानं, "मागावर बसायला मला तसं आवडतं. कापड उतरताना बघायला आवडतं."

इतक्या दिवसांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. पुढं काय करायचं कळेना, म्हणून चहाचे पैसे दिले आणि उठलो. निघताना, "मग आठ मागांपैकी चार ठेवून बघायला काय हरकत आहे?" असं विचारलं. तो म्हणाला, "हो, पण चारात शेडचं लाइटबिल पण निघत नाही." आता बोला.

जुळेसोलापूरची_मावशी

फार चांगलं झालं. शेंगा सोलण्याचा तेवढा वेळ तुम्ही दिलात, त्यातच ते वाक्य आलं.

बघा, तो 'पुणे' म्हणत होता आणि निघालं वेगळंच. महिन्याचा आकडा आधी ठाऊक असणं, सातनंतर दार बंद आणि बापासमोरच्या हिशोबातून सुटका. या तिन्हींत पिंपरीचं नाव नाही. पुणे हा त्याला सापडलेला एक मार्ग आहे. ध्येय आणि मार्ग एकमेकांना चिकटले की माणूस मार्गावरच भांडत बसतो, जाऊ की नको. ते सुटे झाले की त्याला दोन्ही मार्ग त्याच तीन गोष्टींवर तपासता येतात. मेव्हण्याच्या हाताखाली सातला दार बंद होईल का, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आता येईल. तुम्ही तो टाकू नका, त्याला येऊ द्या.

शेवटचा 'चार माग' म्हणजे सल्लाच, शेपटाला प्रश्नचिन्ह लावलेला. ओळखायची एक खूण सांगते. प्रश्न विचारताना तुम्हाला एखादं उत्तर आवडणार असेल आणि दुसऱ्यानं तुम्ही खट्टू होणार असाल, तर तो प्रश्न नाही. "काय हरकत आहे", "असं का करत नाहीस", "याचा विचार केलायस का" ही त्याची नेहमीची रूपं. त्याऐवजी, "या तीन गोष्टी मिळायला कायकाय मार्ग दिसतात?" आणि तो दोनवर थांबला की "अजून?" तिसरा-चौथा मार्ग बऱ्याचदा हास्यास्पद असतो. तो त्याला बोलू द्या, पाचवा कामाचा निघू शकतो.

आणि एक वाक्य तिथंच पडून राहिलंय, बापासमोरच्या हिशोबाचं. त्या वाक्याला हात लावायचा की नाही हे त्याच्यावर सोडा. "त्याबद्दल बोलायचंय का?" इतकंच. नाही म्हणाला तर विषय संपला.

क्वालिटीवाला

मावशी, एक ते दहाचा पण प्रश्न असतो ना? आमच्या ट्रेनिंगला शिकवला होता. मी पोरीवर वापरला. कॉलेज कुठलं घ्यायचं त्यावर तिची तयारी दहापैकी किती, असं विचारलं. म्हणाली तीन. मी म्हटलं तीनच का, आठ का नाही? तिनं अर्धा तास अडचणी सांगितल्या आणि शेवटी म्हणाली आता दोन. आकड्यांचा प्रश्न आपल्याकडं चालत नाही, परदेशातच ठीक आहे.

जुळेसोलापूरची_मावशी

चालतो हो, तुम्ही उलटा धरलात. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग हे जोडपं मिल्वॉकीला समुपदेशन करायचं, त्यांच्यामुळं हा प्रश्न सगळीकडं पसरला. त्यातली गंमत खालच्या बाजूला आहे. पोरगी 'तीन' म्हणाली की विचारायचं, "तीन कशामुळं? शून्य का नाही?" मग तिला जे आधीपासून आहे ते मोजावं लागतं. दोन कॉलेजं बघून झालीत, एक विषय नक्की आहे, वगैरे. हा एकच 'का' मला चालतो, कारण तो माणसाकडून त्याच्याच बाजूचं बोलून घेतो. 'आठ का नाही' विचारलं की तिनं अडचणी मोजल्या, कारण तुम्ही अडचणीच मागितल्यात.

मग पुढचं, "तीनचे चार झाले तर काय वेगळं दिसेल?" दहा नाही, चार. दहाचं चित्र मागितलं की माणूस स्वप्न सांगतो. चारचं मागितलं की सोमवारी करता येईल असं काहीतरी सांगतो.

आकडा म्हणजे मोजमाप नाही हे मात्र लक्षात ठेवा. आज तीन, उद्या पाच म्हणाला तर दोननं प्रगती झाली असं काही नसतं. आकडा नुसता बोलायला लावायला आहे.

अशोकचौककर

शून्य का नाही, हा प्रश्न टाकला. महिन्याचा आकडा आधी ठाऊक असण्याच्या बाबतीत आत्ता कुठं आहेस, असं विचारलं. दोन म्हणाला. शून्य का नाही? तर म्हणाला, एक रुग्णालय ठरलेल्या तारखेला ठरलेले टॉवेल घेतं आणि वेळेवर पैसे देतं, तेवढं एक गिऱ्हाईक आहे. मग स्वतःच म्हणाला, असली गिऱ्हाइकं अजून किती लागतील ते मी कधी काढलंच नाही. तीनला काय वेगळं असेल विचारल्यावर म्हणाला, तो हिशोब कागदावर असेल. कधी करणार ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

जुळेसोलापूरची_मावशी

विचारायचं, पण गळ्याला सुरी लावल्यासारखं नाही. "कधी बसशील कागद घेऊन?" आणि "मधे काय आडवं येईल?" नुसतं 'या आठवड्यात करतो' म्हणणाऱ्यापेक्षा, 'रविवारी माग बंद झाले की शेडमध्येच बसून करणार, पाहुणे आले तर सोमवारी सकाळी' असं ठरवणारा माणूस ते काम करण्याची शक्यता जास्त असते. पीटर गोलविट्झर यांचा यावर बराच अभ्यास आहे. तो 'बघू' म्हणाला तर तेही उत्तरच आहे. एक तर पाऊल मोठं आहे, किंवा ते त्याचं नाही, तुम्हाला आवडलेलं आहे. "याहून लहान काय करता येईल?" विचारा आणि सोडून द्या. पुढच्या वेळी भेटल्यावर "केलंस का?" हा पहिला प्रश्न नको, तो तुम्हाला टाळायला लागेल.

रेघोट्या

पण मावशी, त्यानं सरळच विचारलं, "तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?" तर? तेव्हाही "तुला काय वाटतं?" हेच?

जुळेसोलापूरची_मावशी

नाही. तिथं टोलवाटोलवी केली की दोस्ती जाते. मी आधी एकदाच विचारते, "सांगते, पण ते ऐकून तू काय करशील?" कधीकधी उत्तर येतं, "काही नाही, मला त्याच्या उलटं करायचं असेल तर तेव्हा कळेल." ठीक, मग सांगून टाकायचं. एका वाक्यात, माझं म्हणून, माझ्या परिस्थितीवर. "मला पगाराची सवय आहे, मी गेले असते. तुझी तशी नाही." लगेच, "यातलं तुला काय लागू पडतं, काय नाही?" सांगून झाल्यावर पटवत बसायचं नाही.

अण्णा_सातरस्ता

हे पटलं. पण मी तरी एवढं विचारत बसणार नाही. दोस्त खड्ड्यात जाताना दिसला तर मी ओरडणार. त्याला राग आला तर येऊ दे.

जुळेसोलापूरची_मावशी

अण्णा, ओरडायची वेळ असते, ती मी नाकारत नाही. सावकाराकडून पैसे घेतोय, घर गहाण टाकतोय, असं काही दिसलं तर मी पण ओरडेन. आणि एक वेळ अशी असते की प्रश्नही नको आणि ओरडणंही नको. झोप गेली, जेवण सुटलं, "मी नसतो तर घरचे सुटले असते" असं काही बोलला, तर ध्येयबिय बाजूला. तिथं सरळ विचारायचं, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, डॉक्टरकडं न्यायचं. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात. अशोकचौककर, तुमचा दोस्त तसा वाटत नाही, पण फीच्या वेळी हात थरथरतो म्हणाला ते ध्यानात ठेवा.

अशोकचौककर

झोप-जेवण ठीक आहे त्याचं, मी बघतोच रोज.

आता नवीन भानगड. काल त्याच्या बायकोनं मला दुकानात गाठलं. म्हणाली, "भावजी, तुमचं ऐकतात ते. पुण्याला नको म्हणून तुम्हीच सांगा. पोरांची शाळा, सासूबाईंचे गुडघे, सगळं इथं आहे." मी 'बघतो' म्हणालो. आता उद्या त्याच्यासमोर बसून मी कसले कोरे प्रश्न विचारणार? आणि वहिनींचं म्हणणं मला पटतंय, हे वेगळंच.

जुळेसोलापूरची_मावशी

आता तुमचा हात एका पारड्यावर आहे, आणि तो लपवून प्रश्न विचारलेत तर त्याला दोन मिनिटांत कळेल. माझ्या मते दोनच वाटा आहेत. एक, वहिनींना सांगायचं की हे तुम्ही त्याच्याशी बोला, मी निरोप्या होत नाही. दुसरी, त्याला सांगायचं, "माझं मत बनलंय, त्यामुळं या विषयावर माझ्या प्रश्नांवर विश्वास ठेवू नको." मग बाकीच्या गोष्टींबद्दल, म्हणजे तो हिशोब, सातचं दार, यावर विचारत राहता येतं. आणि त्याला एक विचारता येईल: "या निर्णयात अजून कुणाला काय पायजे, ते तू त्यांना कधी विचारलंस?"

अण्णा_सातरस्ता

वहिनींचं नाव त्याच्यासमोर अजिबात काढू नका. नवरा-बायकोच्या मधे पडलेला माणूस दोन्हीकडून मार खातो. मत बनलंय वगैरे सांगायची पण गरज नाही, गप्प बसा आणि त्याला हिशोब करू द्या.

रेघोट्या

मला अण्णांचं नाही पटत. मी त्याच्या बायकोच्या जागी असते, आणि नवऱ्याचा दोस्त महिनाभर त्याच्याशी 'तुला काय हवंय' करत बसला असता, तर मला पहिला राग या गोष्टीचा आला असता की माझ्याशी हे कुणीच बोलत नाही. अशोकचौककर, वहिनींनी तुमच्याकडं निरोप दिला तेव्हा त्यांना काय हवंय हे तुम्ही विचारलंत का? 'पुण्याला नको' हे पण 'नको'च आहे ना?

अशोकचौककर

नाही विचारलं. दुकानात गिऱ्हाईक होतं. पण विचारायचं मी, की त्यानं?

जुळेसोलापूरची_मावशी

त्यानं.

क्वालिटीवाला

माझ्या मते कुणीही विचारा, पण दोघांना एकत्र बसवून.

अशोकचौककर

एकत्र बसवायचं म्हणजे परत मी मधे आलोच की. रविवारी तो शेडमध्ये कागद घेऊन बसणार आहे म्हणाला, वहिनींनाच सोबत बसव म्हणू का? तोही सल्लाच झाला म्हणा.